पाच पेन, तीन वह्या आणि दोन बिलं

जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात सोलापुरात नवी पेठेतल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. दुकानदार हाताशी आलेल्या कागदावर भराभर लिहितो: पेन ५, वही ३, खाली रेघ, एकूण १५५. बेरीज तो कन्नडमध्ये नाहीतर तेलुगूत पुटपुटत करतो आणि रक्कम मराठीत सांगतो. एका पेनाचे किती लावले आणि एका वहीचे किती, हे त्या चिठ्ठीवर कुठेच नसतं. दहावीच्या बीजगणितातला पहिला धडा, म्हणजे ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’, अशीच चिठ्ठी आपल्यापुढे ठेवतो आणि आतले भाव शोधायला सांगतो.

उदाहरण असं घेऊ:

एका दुकानात ५ पेन आणि ३ वह्या घेतल्या तर १५५ रुपये होतात. त्याच दुकानात त्याच प्रकारच्या ४ वह्या आणि ३ पेन घेतले तर १७० रुपये होतात. तर एका पेनाची आणि एका वहीची किंमत काढा.

माझा भाचा यंदा दहावीत आहे. त्याच्यापुढे हे उदाहरण ठेवलं, तर त्याने वाचून व्हायच्या आत पहिली ओळ लिहिली: ‘x = पेन, y = वही’. मी विचारलं, “x म्हणजे पेन, तर 5x म्हणजे काय रे?”

“पाच पेन, मामा.”

“आणि 3y?”

“तीन वह्या.”

“मग पाच पेन अधिक तीन वह्या बरोबर १५५ काय? १५५ वस्तू?”

तो थांबला. शाब्दिक उदाहरणातली निम्मी अडचण इथेच असते. x ही वस्तू नसते, तो आकडा असतो. माहीत नसलेला, पण आकडाच. म्हणून पहिली ओळ पूर्ण वाक्यात लिहायची: ‘एका पेनाची किंमत x रुपये व एका वहीची किंमत y रुपये मानू.’ यातला ‘एका’, ‘किंमत’ आणि ‘रुपये’ यांपैकी एकही शब्द गाळायचा नाही. शिक्षक ही ओळ लिहायला लावतात ती वहीची शोभा वाढावी म्हणून नव्हे. आता 5x म्हणजे ‘पाच पेन’ राहत नाही, ‘पाच पेनांचे रुपये’ होतात. 3y म्हणजे तीन वह्यांचे रुपये. रुपयांत रुपये मिळवले की रुपयेच येतात, आणि उजव्या बाजूला १५५ रुपये आहेतच. दोन्ही बाजूंचं एकक जुळलं. समीकरण मांडून झालं की हे एकदा मनात म्हणून बघावं. डावीकडे रुपये आणि उजवीकडे नग असा प्रकार झाला असेल तर तो इथेच सापडतो.

पहिलं बिल मांडलं:

5x + 3y = 155 … (1)

दुसरं बिल मांडताना एक खाच आहे. उदाहरण तयार करणाऱ्याने मुद्दाम वह्या आधी सांगितल्यात. घाईत वाचणारा ‘४ आणि ३’ एवढंच उचलतो आणि 4x + 3y = 170 असं लिहून मोकळा होतो. खरं समीकरण असं आहे:

3x + 4y = 170 … (2)

चुकीचं समीकरण घेऊन पुढे गेलं तर काय होतं, ते बघण्यासारखं आहे. 5x + 3y = 155 मधून 4x + 3y = 170 वजा केलं की x = –15 मिळतं. पेन घेतलं तर दुकानदारच पंधरा रुपये देणार! गंमत अशी की हे उत्तर त्या दोन समीकरणांत घालून ताळा पाहिला, तर तो बरोबर जुळतो. मांडणी चुकली असली तरी सोडवणूक बिनचूक झालेली असते. म्हणून ताळा समीकरणात पाहायचाच नाही, तो उदाहरणाच्या शब्दांत पाहायचा. त्याकडे पुढे येऊच. पण ही चूक त्याच्याही आधी दिसायला हवी होती. ५ पेन आणि ३ वह्यांना १५५ पडतात, मग एक पेन कमी घेऊन १७० कसे पडतील?

आता पेन्सिल जरा बाजूला ठेवा आणि फक्त पहिल्या बिलाकडे बघा. एवढ्यावरून भाव कळेल का? किमती पूर्ण रुपयांत आहेत असं धरू. पेन १ रुपयाला आणि वही ५० ला असेल तर ५ + १५० = १५५. जुळलं. पेन ४ ला आणि वही ४५ ला? २० + १३५, तेही जुळलं. पेन ७ आणि वही ४०, पेन १० आणि वही ३५, पेन १३ आणि वही ३०, असं करत करत पेन २८ आणि वही ५ पर्यंत जाता येतं. अशा एकूण दहा जोड्या बसतात. प्रत्येक वेळी पेन ३ रुपयांनी महाग होतं आणि वही ५ रुपयांनी स्वस्त होते. कारण उघड आहे. ५ पेनांवर ३-३ रुपये वाढले म्हणजे १५ वाढले, ३ वह्यांवर ५-५ रुपये कमी झाले म्हणजे १५ घटले, आणि एकूण होतं तिथेच राहिलं. पैशांत, अपूर्णांकांत किमती चालतात असं म्हटलं तर जोड्यांना अंतच नाही. एका समीकरणात दोन चलं असली की असंच होतं. आलेख काढला तर या सगळ्या जोड्या एका सरळ रेषेवर बसतात, म्हणून तर त्या समीकरणाला रेषीय म्हणतात.

दुसरं बिल या दहा जोड्यांतून निवड करतं. प्रत्येक जोडीला ३ पेन आणि ४ वह्यांचे किती होतात ते काढून बघा. पेन १३, वही ३० असेल तर ३९ + १२० = १५९. पेन १०, वही ३५ असेल तर ३० + १४० = १७०. पेन ७, वही ४० असेल तर २१ + १६० = १८१. दर पावलाला ही रक्कम ११ ने बदलते, म्हणून १७० ही एकदाच येऊ शकते. उत्तर सापडलं: पेन १० रुपये, वही ३५ रुपये. हा ११ चा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

असं चाचपडत उत्तर काढणं काही चूक नाही. पण किमती साडेबारा रुपये, सव्वाआठ रुपये अशा असल्या की या वाटेने दिवस मावळेल. म्हणून पद्धत हवी. पुस्तकात तिला एका चलाचा लोप करणं म्हणतात. ती बिलांच्या भाषेत समजून घ्यायला सोपी आहे.

दोन बिलांत पेनांची संख्याही वेगळी आहे आणि वह्यांचीही, म्हणून त्यांची थेट तुलना होत नाही. दोन्ही बिलांत वह्या सारख्याच असत्या तर रकमेतला फरक फक्त पेनांमुळे पडला असता. मग वह्या सारख्या करून घेऊ. पहिल्या बिलात ३ वह्या, दुसऱ्यात ४. पहिली खरेदी चार वेळा केली तर वह्या १२ होतील आणि दुसरी तीन वेळा केली तरी १२ च. पहिली खरेदी चार वेळा म्हणजे २० पेन, १२ वह्या आणि ६२० रुपये. दुसरी तीन वेळा म्हणजे ९ पेन, १२ वह्या आणि ५१० रुपये. वह्या दोन्हीकडे सारख्याच. पेन ११ जास्त आणि पैसे ११० जास्त. म्हणजे ११ पेनांचे ११० रुपये, एकाचे १०.

हेच वहीत लिहायचं तर असं. समीकरण (1) ला 4 ने गुणू:

20x + 12y = 620 … (3)

समीकरण (2) ला 3 ने गुणू:

9x + 12y = 510 … (4)

(3) मधून (4) वजा करू:

11x = 110

x = 10

ही किंमत समीकरण (1) मध्ये ठेवू:

5 × 10 + 3y = 155

3y = 105

y = 35

पेनांची संख्या सारखी करूनही हे जमलं असतं. तेव्हा पहिल्याला ३ ने आणि दुसऱ्याला ५ ने गुणावं लागलं असतं. ज्या चलाचे सहगुणक छोटे, किंवा ज्यात एक सहगुणक दुसऱ्याच्या पटीत आहे, ते चल घालवावं, म्हणजे आकडे मोठे होत नाहीत. एवढाच काय तो विचार.

इथे दोन चुका हमखास होतात आणि दोन्ही बिलाच्या नजरेने पाहिल्या की लगेच कळतात. पहिली अशी की 4 ने गुणताना डावी बाजू गुणली जाते आणि उजवी तशीच राहते: 20x + 12y = 155. म्हणजे चौपट माल त्याच पैशांत. असं बिल करणारा दुकानदार नवी पेठेत चार दिवससुद्धा टिकायचा नाही. गुणायचं तर समीकरणातलं प्रत्येक पद गुणायचं, बरोबरच्या चिन्हापलीकडचंसुद्धा.

दुसरी चूक वजाबाकीतली. खालच्या समीकरणाची चिन्हं बदलताना 9x चं बदललं, 12y चं बदललं आणि 510 चं राहून गेलं. मग उजवीकडे 620 + 510 होऊन 11x = 1130 येतं आणि पेनाची किंमत साधारण १०२ रुपये ७३ पैसे निघते. हा आकडा पुढे नेण्याआधी बिलाकडे एकदा बघा. ५ पेनांसकट सगळं मिळून १५५ रुपये झालेत, म्हणजे वह्या फुकट मिळाल्या असं धरलं तरी पेन ३१ रुपयांच्या वर जाऊच शकत नाही. तसंच दुसऱ्या बिलात ४ वह्यांसकट १७०, म्हणजे वही साडेबेचाळीसच्या आतच. या दोन मर्यादा सोडवायला बसण्याआधीच कोपऱ्यात लिहून ठेवल्या तर चुकलेलं उत्तर बऱ्याचदा तिथेच अडतं. परीक्षेतही या कामाला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही.

काही मुलं वजा करण्याऐवजी (3) आणि (4) ची बेरीज करतात आणि 29x + 24y = 1130 असं काहीतरी मिळवतात. ते पाहून “चुकलं” म्हणून खोडतात, पण ते चूक नाही. दोन्ही खरेद्या एकत्र केल्या तर खरोखरच एवढं बिल होईल. फक्त त्याचा उपयोग नाही, कारण दोन्ही चलं अजून जागेवरच आहेत. एका समीकरणात +12y आणि दुसऱ्यात –12y असतं तेव्हा बेरीज करायची, दोन्हीकडे चिन्ह सारखं असेल तेव्हा वजाबाकी. नियम पाठ करण्यापेक्षा कोणतं केल्याने एक चल जाईल हे पाहणं सोपं.

आता ताळा. उदाहरण परत वाचायचं आणि आपण काढलेल्या किमतींनी दुकानात खरेदी करायची. ५ पेन १० ने, ५० झाले. ३ वह्या ३५ ने, १०५ झाले. एकूण १५५. बरोबर. आता ‘४ वह्या आणि ३ पेन’, ज्या क्रमाने छापलंय त्याच क्रमाने: १४० आणि ३०, एकूण १७०. बरोबर. दोन्ही वाक्यं तपासायची. पहिल्याच समीकरणात किंमत घालून y काढलेला असतो, त्यामुळे पहिला ताळा तर जुळणारच. खरी परीक्षा दुसऱ्या वाक्याची असते, आणि नेमकं तेच बरेच जण सोडून देतात. शेवटी उत्तरही वाक्यात लिहायचं: ‘एका पेनाची किंमत 10 रुपये व एका वहीची किंमत 35 रुपये आहे.’ नुसतं (10, 35) लिहिलं तर समीकरणं सुटली, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

कधीकधी दुसरी माहिती बिलाच्या रूपात येत नाही. समजा दुसरं वाक्य असं असतं: ‘एका वहीची किंमत पेनाच्या किमतीच्या तिपटीपेक्षा ५ रुपयांनी जास्त आहे.’ इथे भाच्याने वाक्य जसं कानावर पडलं तसं लिहिलं, 3y + 5 = x. ‘तिपटीपेक्षा जास्त’ हे शब्द कुठल्यातरी चलाला चिकटवायचे म्हणून त्याने ते वहीला चिकटवले. त्याला म्हटलं, अक्षरं सोड, पेन १० रुपयांचं धर. मग वही केवढ्याला? “दहाची तिप्पट तीस आणि पाच, पस्तीस.” म्हणजे तिप्पट कुणाची केलीस? पेनाची. पाच कुठे मिळवले? त्या तिपटीत. आणि आलं काय? वहीची किंमत. मग समीकरणही तसंच:

y = 3x + 5

आकडा आधी धरून बघायचा आणि मग त्या जागी अक्षर ठेवायचं, ही युक्ती ‘निम्मा’, ‘दीडपट’, ‘पेक्षा कमी’ या सगळ्या वाक्यांना चालते. किमती निश्चित माहीत नसल्या तरी काही बिघडत नाही, कोणताही सोयीचा आकडा घ्या. महाग वस्तू कोणती हे तेवढ्यानेही समजतं, आणि समीकरण उलटं पडलं असेल तर तिथेच दिसतं.

आता इथे लोप करत बसायची गरज नाही. y म्हणजे 3x + 5 हे दुसऱ्या वाक्याने आयतंच सांगितलंय. तेव्हा पहिल्या बिलात y च्या जागी तेच ठेवू:

5x + 3(3x + 5) = 155

5x + 9x + 15 = 155

14x = 140

x = 10

कंस मात्र जपायचा. ३ वह्या आहेत, तर जास्तीचे ५ रुपयेसुद्धा तीनदाच मोजले जाणार. ते एकदाच धरले तर 14x = 150 येतं आणि पेन १० रुपये ७१ पैशांच्या आसपास जातं. असं न सुटणारं भागाकाराचं उत्तर आलं की आधी कंसाकडे नजर टाकावी.

आणखी एक प्रकार परीक्षेला वरचेवर येतो, आणि तो फार जुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्या राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड, सोलापूरहून कलबुर्गीच्या पलीकडे आहे. महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात एक उदाहरण आहे. ९ महाळुंगं आणि ७ कवठं यांची किंमत १०७, तर ७ महाळुंगं आणि ९ कवठं यांची किंमत १०१. प्रत्येकाची किंमत सांगा. महाळुंगाच्या जागी पेन आणि कवठाच्या जागी वही ठेवली तर ते आजच्या प्रश्नपत्रिकेतही खपून जाईल.

9x + 7y = 107

7x + 9y = 101

इथे ९ आणि ७ ची नुसती अदलाबदल झालीय. ९ आणि ७ ने गुणून लोप करता येईल, पण आकडे हजाराच्या जवळ जातात. त्यापेक्षा दोन्ही खरेद्या एकत्र करा. १६ महाळुंगं आणि १६ कवठं, मिळून २०८. म्हणजे एक महाळुंग आणि एक कवठ यांची जोडी १३ ला. आता पहिल्यातून दुसरी वजा करा. 2x – 2y = 6, म्हणजे महाळुंग कवठापेक्षा ३ ने महाग. दोघांची बेरीज १३ आणि फरक ३. महाळुंग ८, कवठ ५. हे तोंडी होतं. सहगुणकांची अदलाबदल दिसली की एकदा बेरीज, एकदा वजाबाकी आणि दोन्ही वेळा भागून लहान करणं, एवढंच करायचं. भागायला विसरलात तर पद्धत बरोबर असूनही सोपेपणा हातचा जातो.

मघाच्या ११ कडे परत येऊ. दहावीत निश्चयक आणि क्रेमरची पद्धत शिकवतात. गाब्रिएल क्रेमर हा स्विस गणिती, त्याने ही रीत १७५० साली छापली. आपल्या उदाहरणात सहगुणकांचा निश्चयक D काढला तर 5 × 4 – 3 × 3 = 20 – 9 = 11. x च्या सहगुणकांच्या जागी उजवीकडचे आकडे ठेवून Dx काढला तर 155 × 4 – 3 × 170 = 620 – 510 = 110. म्हणजे आकडे तेच आहेत, २०, ९, ६२० आणि ५१०. लोप पद्धतीत जे गुणाकार पसरून केले, तेच इथे चौकटीत बसवले आहेत. Dy येतो 5 × 170 – 155 × 3 = 385, आणि त्याला ११ ने भागलं की ३५. क्रेमर आवडत असेल तर जरूर वापरा, पण मांडणी चुकली असेल तर क्रेमरही वाचवत नाही.

त्या ११ च्या जागी शून्य आलं तर? समजा दुसरं बिल असं आहे: १० पेन आणि ६ वह्या, ३१० रुपये. 10x + 6y = 310. निश्चयक काढा: 5 × 6 – 3 × 10 = 0. पहिलं बिल दुप्पट करून वजा केलं तर 0 = 0 उरतं. काहीच कळत नाही, कारण दुसऱ्या बिलाने नवीन काही सांगितलेलंच नाही, पहिलीच खरेदी दोनदा केली आहे. मघाच्या दहाच्या दहा जोड्या इथेही जुळतात. आलेखावर एकच रेषा दोनदा काढलेली असते.

आणि १० पेन, ६ वह्यांना दुकानदाराने ३०० च घेतले तर? पहिलं बिल दुप्पट केलं की ३१० यायला हवेत. वजाबाकी केली तर 0 = 10 येतं, जे कधीच खरं नसतं. आलेखावर या दोन समांतर रेषा आहेत, त्या कुठेच भेटत नाहीत. गणिताच्या भाषेत या समीकरणांना उकल नाही. पण दुकानात मात्र हे रोज होतं. जास्त माल घेतला, दहा रुपये सोडले. आपल्या समीकरणांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की एक घ्या नाहीतर दहा घ्या, दर नगाचा भाव तोच. डझनावर सूट मिळाली, पाच वह्यांवर एक पेन मोफत मिळालं की ते गृहीत मोडतं. म्हणून उदाहरणात ‘त्याच दुकानात, त्याच प्रकारच्या’ असे शब्द असतात. ते भरतीचे नाहीत.

आता याच पेन-वह्यांचं उलटं उदाहरण. भाव माहीत आहेत, पेन १० रुपये आणि वही ३५ रुपये. एका मुलीने दोन्ही मिळून १२ नग घेतले आणि २४५ रुपये दिले. पेन किती आणि वह्या किती? वरचं उदाहरण डोक्यात घोळत असेल तर हात आपोआप ‘पेनाची किंमत x’ लिहितो. पण किंमत इथे दिलेलीच आहे, काढायची आहे ती संख्या. म्हणून ‘पेनांची संख्या x व वह्यांची संख्या y मानू.’ मघाशी जे सहगुणक होते ते आता शोधायचे आहेत, आणि मघाशी जे शोधले ते सहगुणक झाले:

x + y = 12

10x + 35y = 245

पहिलं समीकरण नगांचं आहे, दुसरं रुपयांचं. दोन्हींची एककं वेगळी, पण प्रत्येक समीकरणात दोन्ही बाजू जुळतात, म्हणून हरकत नाही. पहिल्याला १० ने गुणा, म्हणजे 10x + 10y = 120. त्याचा अर्थ असा की बाराही नग पेनच असते तर १२० झाले असते. प्रत्यक्षात २४५ झाले, १२५ जास्त. एक पेन काढून त्या जागी एक वही ठेवली की २५ वाढतात. तेव्हा १२५ ला २५ ने भागलं की वह्या ५, आणि उरलेले पेन ७. ताळा: ७० आणि १७५, एकूण २४५.

या प्रकारात एक तपासणी फुकट मिळते. उदाहरणात २४५ ऐवजी २५० असते तर जास्तीचे १३० झाले असते आणि वह्या ५.२ आल्या असत्या. पेनाची किंमत १० रुपये ५० पैसे असू शकते, पण पाच वह्या आणि वर एका वहीची पाव-बिव पानं कुणी विकत नाही. संख्या शोधताना अपूर्णांक किंवा ऋण उत्तर आलं तर समजावं की उतरवताना आकडा चुकला, मांडणीत घोटाळा झाला, किंवा क्वचित छपाईचीच चूक आहे. याच क्रमाने तपासावं, कारण बहुतेक वेळा पहिल्याच ठिकाणी सापडतं.